गोवरला ९५ टक्के, पोलिओला ८० आणि फ्लूला त्याहून कमी. हर्ड इम्युनिटीचा आकडा प्रत्येक रोगाला वेगळा का?

कारण हा आकडा, म्हणजे किती टक्के लोक इम्यून असले की साथ वाढत नाही तो, लशीवरून ठरतच नाही, तो रोग किती पसरतो त्यावरून ठरतो. मी पीएसएमवाला आहे, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, एमबीबीएसची पोरं ज्या विषयाच्या लेक्चरला निवांत झोपतात तो विषय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कोणाकडेच प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत एक पेशंट सरासरी किती जणांना रोग देईल, त्या संख्येला आर-नॉट म्हणतात, लिहिताना R0. गोवरचा धरतात १२ ते १८. मधला १५ घेऊ. आता साथ वाढू द्यायची नसेल तर एका पेशंटमागे नवा पेशंट जास्तीत जास्त एकच व्हायला हवा, म्हणजे ज्या १५ जणांना लागण झाली असती त्यातले १४ आधीच इम्यून पाहिजेत. १५ पैकी १४ म्हणजे ९३ टक्के. झालं, `1 - 1/R0` म्हणतात ते एवढंच. पोलिओचा आर-नॉट साधारण ५ ते ७, सहा धरला तर सहातले पाच, ८३ टक्के. आणि नेहमीच्या सीझनल फ्लूचा १.३ च्या आसपास, म्हणजे २३ टक्के.

गोवर एवढा वर का, तर तो हवेतून जातो, पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही व्हायरस दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून मूल दुसऱ्यांना रोग देत असतं. त्या चार दिवसांत फक्त ताप, सर्दी, लाल डोळे, घरच्यांना वाटतं व्हायरल आहे, आणि पोरगं शेजारच्यांच्या घरात खेळतंय.

आता खरी गंमत. हे ९३ टक्के 'लस घेतलेले' नाहीत, 'इम्यून झालेले' आहेत, आणि यातच बऱ्याच जणांची गल्लत होते. आपल्याकडे गोवरचा पहिला डोस (आता एमआर, गोवर-रुबेला) नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या वयात आईकडून आलेल्या अँटीबॉडीज काही बाळांत अजून शिल्लक असतात आणि त्या लशीलाच निकामी करतात, म्हणून तो साधारण ८५ टक्के बाळांनाच लागू पडतो. मग वर्ष पूर्ण झाल्यावर का देत नाही? कारण तोवर थांबलं तर मधल्या तीन महिन्यांत गोवर गाठतो, आणि लहान बाळांनाच तो जास्त जड जातो. म्हणजे बघा, अगदी शंभर टक्के बाळांना एकच डोस दिला तरी आपण ८५ वरच अडकणार, ९३ चं तोंड दिसणार नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस.

१००० मुलं धरा आणि दोन्ही डोसांना त्यातली तीच ९०० आली असं समजा. पहिल्या डोसात ७६५ इम्यून, १३५ राहिली. दुसऱ्या डोसात त्या १३५ पैकी ९५ टक्क्यांना लागू पडला, म्हणजे १२८ वाढली. एकूण ८९३. कागदावर '९० टक्के कव्हरेज' छान दिसतं, पण गोवरसाठी ते कमीच पडलं. हेच ९५० मुलं आली तर गणित ९४३ वर जातं, रेषेच्या जेमतेम वर. दोन्ही डोसांचं टार्गेट ९५ टक्के का असतं ते यातून कळेल, आणि तुमचा ९५ हा आकडाही बहुतेक तिथूनच आलाय.

शिवाय राहिलेली मुलं गावभर सारखी विखुरलेली नसतात, ती एकाच वस्तीत, एकाच गल्लीत सापडतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवर पेटला, मालेगाव आणि भिवंडीतही, तेव्हा हेच दिसलं. कोविडच्या काळात डोस चुकलेली मुलं तिथे साठली होती. जिथे एकूण पेशंटपैकी १० टक्क्यांहून जास्त नऊ महिन्यांच्या आतली बाळं होती तिथे सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्यायला केंद्राने सांगितलं, तो शेड्यूलच्या दोन डोसांत धरायचा नाही, म्हणून त्याला झिरो डोस म्हणत होते. राज्याची सरासरी काहीही असो, व्हायरसला त्या चाळीपुरतीच टक्केवारी कळते.

पोलिओचं वेगळंच. तो शौचातून, घाणेरड्या पाण्यातून, हातातून तोंडात जातो, त्यामुळे त्याचा आर-नॉट गटारं आणि गर्दी बघून बदलतो, पुस्तकातला सहा हा पश्चिम उत्तर प्रदेशात लागू होत नव्हता, तिथे तो जास्तच होता. आणि त्याच भागात तोंडावाटे द्यायची लस कमी लागू पडत होती, कारण मुलांना सतत जुलाब, आतड्यात दुसरे व्हायरस, त्यात पोलिओ व्हायरसचे तिन्ही टाइप असलेल्या ट्रायव्हॅलंट लशीतला टाइप २ बाकीच्या दोघांना दाबायचा. २००६ मध्ये जो अंदाज छापून आला त्यात उत्तर प्रदेशात एका डोसाचं संरक्षण फक्त ९ टक्क्यांच्या आसपास होतं! करा हिशोब, दहा डोस दिले तरी ६१ टक्के. वीस डोसांनी कुठे ८५. 'अजून किती वेळा पाजणार' म्हणून लोक वैतागायचे, पण एवढ्या राउंड्स उगाच नव्हत्या. शेवटी फक्त टाइप १ ची आणि मग २०१० पासून टाइप १ आणि ३ ची बायव्हॅलंट लस आली, तेव्हा एकेका डोसाचं वजन वाढलं. भारतातली वाइल्ड पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची.

इंजेक्शनवाली पोलिओ लस लकव्यापासून मस्त वाचवते, पण आतड्यातली वाढ तेवढी रोखत नाही. इस्रायलमध्ये २००५ पासून फक्त इंजेक्शनच होतं, कव्हरेज उत्तम, तरी २०१३ मध्ये सांडपाण्यात वाइल्ड व्हायरस महिनोन्महिने सापडत राहिला आणि लकवा एकालाही नाही. म्हणून 'इम्यून' म्हणताना रोग होत नाही की पसरवत नाही हे आधी विचारायचं. हर्ड इम्युनिटीच्या गणितात 'पसरवत नाही' हेच धरायचं.

राहिला फ्लू. २३ टक्के बघून वाटेल हा तर सगळ्यात सोपा, मग दरवर्षी ऑफिस अर्धं रिकामं कसं होतं? एक तर हा १.३ आधीच्या फ्लूंमुळे अर्धवट इम्यून असलेल्या लोकांत मोजलेला आहे, म्हणजे २३ टक्के त्याच्यावर आणखी हवेत. दुसरं, लस चांगल्या वर्षी ४० ते ६० टक्केच काम करते, ४० धरली तर २३ भागिले ०.४, म्हणजे जवळजवळ ५८ टक्के लोकांना टोचावं लागेल. आणि तिसरं सगळ्यात वाईट, गोवरचा व्हायरस लशीपुरता इतक्या वर्षांत बदललेलाच नाही पण फ्लू सतत रूप बदलतो आणि लशीचा असरही काही महिन्यांत उतरतो, त्यामुळे पुढच्या सीझनला पाटी बरीचशी कोरी.

तरी आर-नॉट कमी असल्याचा फायदा आहेच. कॅनडात हटराइट लोकांच्या वेगळ्या राहणाऱ्या शेतकरी वसाहती आहेत, तिथे २००८-०९ च्या सीझनला काही वसाहतींतल्या फक्त मुलांना (३ ते १५ वर्षं) फ्लूची लस दिली, बाकी वसाहतींत मुलांना हेपटायटिस ए ची. पहिल्या गटात ज्यांनी लस घेतलीच नव्हती त्यांच्यातही फ्लू सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. गोवरमध्ये एवढ्याशा लसीकरणात असं काही झालं नसतं.