मंत्र्यांची सही नाही, म्हणून हुकूम रद्द होतो का?

प्रश्न: बडोद्याजवळच्या आमच्या जमिनीचा बिनखेतीचा अर्ज कलेक्टरांनी नाकारला. सरकारकडे फेरतपासणीचा अर्ज केला, तोही महसूल खात्याच्या विशेष सचिवांनी फेटाळला. मंत्र्यांनी फाईल पाहिलेलीच नाही. सरकारचा अधिकार असा परस्पर सचिवाला देता येतो का? याच मुद्द्यावर हायकोर्टात जावं का? दोन्ही हुकूम जोडले आहेत.

उत्तर: दोन्ही हुकूम वाचले. मंत्र्यांच्या सहीच्या मुद्द्यावर वकिलांची फी घालवू नका. तुमचा खरा मुद्दा पहिल्या हुकमात आहे.

आधी सचिवांचं. फेरतपासणीचा अधिकार जमीन महसूल कायद्याच्या कलम 211 ने राज्य सरकारला दिलाय, मंत्र्यांना नावानिशी नाही. सरकारचं काम कोणी कसं करायचं ते घटनेच्या अनुच्छेद 166(3) खालच्या कामकाज नियमांनी ठरतं. त्या नियमांनुसार ज्या सचिवाकडे काम आलं, तो मंत्र्यांकडून उसना अधिकार घेऊन बसलेला नसतो. त्याचा निर्णय हा सरकारचाच निर्णय. इंग्लंडमध्ये युद्धकाळात सरकारने खाद्यपदार्थांचा एक कारखाना ताब्यात घेतला, हुकमावर सही सहायक सचिवाची होती. 1943 च्या त्या कार्लटोना खटल्यात हेच ठरलं. आपल्याकडे 1970 मध्ये संजीवी नायडू खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. मद्रास सरकार बसमार्गांचं राष्ट्रीयीकरण करत होतं. त्यासाठी लागणारं 'मत' मंत्र्यांनी नव्हे, सचिवांनी बनवलं, अशी हरकत होती. कोर्टाने ती फेटाळली.

तुमच्या बाबतीत तर मंत्र्यांनी सही केली असती तर हुकूम उलट कच्चा ठरला असता. सुनावणी विशेष सचिवांनी घेतली, तुमच्या वकिलांना त्यांनी ऐकलं. 1959 च्या गुल्लापल्ली खटल्यात सचिवांनी ऐकलं आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं, मग ऐकण्याला अर्थच काय, म्हणून कोर्टाने तो मोडला.

आता कलेक्टरांचं पत्र पाहा. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: 'सरकारकडून मिळालेल्या सूचनेनुसार आपली मागणी नामंजूर करण्यात येते.' मी चार वेळा वाचलं, पुढे एकही कारण नाही. बिनखेतीच्या परवानगीचा अधिकार कलम 65 ने कलेक्टरांना दिलाय. कायदा ज्या अधिकाऱ्याच्या पदाचं नाव घेऊन त्याला विवेकाने ठरवायला सांगतो, त्याने ते स्वतःच ठरवायचं. तो अधिकार खाली सोपवायचा नाही, तसाच वरच्यांच्या हुकमापुढे टाकूनही द्यायचा नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात, कारण वरून आलेलं पत्र दिसायला जास्त वजनदार असतं.

याचं मूळ उदाहरण अंधेरीतलं. 1947 मध्ये मुंबईच्या पोलिस कमिशनरांनी एका सिनेमागृहाला परवानगी दिली आणि मग 'सरकारच्या निर्देशावरून' रद्द केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, अधिकार कमिशनरांचा होता, त्यांनी तो वापरलाच नाही. नंतर प्रतिज्ञापत्रात 'मी स्वतःही विचार केला होता' असं सांगून भागत नाही. हुकूम त्यातल्या शब्दांवरूनच वाचायचा. गुजरातमधलाच 1995 चा अनिरुद्धसिंहजी जाडेजा खटला आहे: टाडाखाली गुन्हा नोंदवायला जिल्हा पोलिस अधीक्षकांची पूर्वमंजुरी लागत होती. अधीक्षकांनी स्वतः न ठरवता वर परवानगी मागितली, वरून ती मिळालीही. तरी टाडा लावणं टिकलं नाही.

मात्र 'सूचना' म्हणजे सर्वांसाठीचं धोरणात्मक परिपत्रक असेल, आणि कलेक्टरांनी ते लक्षात घेऊन तुमच्या जमिनीचा स्वतंत्र विचार केला असेल, तर हा मुद्दा ढिला पडतो. ते फाईलवरूनच कळेल. माहिती अधिकारात कलेक्टर कचेरीकडे 20 रुपये भरून दोन गोष्टी मागा: तुमच्या फाईलच्या टिपणीची पानं आणि सरकारकडून आलेलं ते पत्र. मामलतदारांचा अहवाल अनुकूल, खालची टिपणी 'मंजूर करण्यास हरकत नाही', आणि मग तुमचाच सर्व्हे नंबर लिहिलेलं पत्र येऊन शेरा उलटा, असं दिसलं तर केस पक्की आहे. तारखा जुळवून पाहा.

विशेष सचिवांनी हा मुद्दा विचारात घेतला होता का, हेही बघा. त्यांच्या हुकमात त्याला उत्तर नसेल तर हायकोर्टातल्या अर्जात ते स्पष्ट मांडा. आव्हान दोन्ही हुकमांना द्या. नुसतं वरच्याला दिलंत तर कलेक्टरांचा नकार तसाच उभा राहील. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा: जिंकलात तरी कोर्ट बहुधा परवानगी देणार नाही, कलेक्टरांना नव्याने, स्वतः ठरवायला सांगेल.