आधी गांधीबाग की निर्यात?

भाऊ, आपल्या चादरींना परदेशातून मिळणारा भाव आकर्षक असला, तरी आधी पैसा किती दिवस अडकेल ते मोजावे. समजा, 30 लाखांचा माल तयार होण्यास 45 दिवस लागले आणि जहाजात चढल्यापासून 90 दिवसांनी रक्कम मिळण्याचे ठरले, तर नागपूरहून न्हावा शेवापर्यंतचा प्रवास धरून भांडवल साडेचार महिन्यांहून अधिक गुंतते. नागपुरातल्याच गांधीबागेच्या कापड बाजारातील ठोक व्यापारीही 60 दिवसांची उधारी मागेल (आणि वसुलीसाठी फेऱ्या मारायला लावेल), पण तेथे माल टप्प्याटप्प्याने जातो व आलेली रक्कम पुढच्या सुताला कामी येते.

दोन लॉटच्या रंगछटेत फरक पडला, तर येथे थोडी सूट देऊन माल खपतो. परदेशी ग्राहक संपूर्ण खेप नाकारू शकतो. म्हणून लागोपाठ सहा लॉट एकाच छटेत उतरेपर्यंत विदर्भातील वितरणच वाढवावे, असे माझे मत आहे.