महिन्याच्या डब्याला सूट किती द्यावी?

ताई, नव्या गिऱ्हाइकाला आधी आठवड्याचेच पैसे भरू द्या. चव जमली की तो स्वतःच महिन्याचं विचारेल. तेव्हा सूट नफ्यातून मोजा, दरातून नाही. समजा, डबा 80 रुपयांना आणि किराणा, गॅस, पोहोच धरून खर्च 62. मग दहा टक्के सूट म्हणजे 8 रुपये, जवळजवळ निम्मा नफा! आगाऊ पैशांनी किराणा घाऊक मिळतो, पण भाजी आणि पोहोच स्वस्त होत नाही. म्हणून 4 रुपये पुरेत: 26 डबे, 1976 रुपये. मध्येच सोडल्यास खाल्लेले डबे 80 नेच धरायचे, हे आधीच सांगा. दहा डब्यांनंतर सोडलं तर 1176 परत. तेवढी रक्कम खर्चू नका, वेगळी ठेवा.