ब्लिट्झक्रीग: वीज नव्हे, ओंडका

प्रश्न: 'ब्लिट्झक्रीग'ला मराठीत 'झंझावाती हल्ला' म्हटलं तर चालेल का? आधीच्या हल्ल्यांपेक्षा त्यात नेमकं वेगळं काय होतं?

नाही चालणार. हल्ली एखाद्याने वीस चेंडूंत पन्नास धावा ठोकल्या तरी त्याला 'ब्लिट्झक्रीग' म्हणतात, ते ऐकून कान किटले. ब्लिट्झ म्हणजे वीज आणि क्रीग म्हणजे युद्ध, एवढं कुठलाही कोश सांगेल. पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हल्ल्यांच्या तंत्राला चिकटलेला हा शब्द गाजवला तो वृत्तपत्रांनी. १९४१ मध्ये खुद्द हिटलरने तो मूर्खपणाचा ठरवून झटकून टाकला होता. 'वेग हेच त्या तंत्राचं मर्म' असं लिहिणारे अभ्यासक याच शब्दाला भुलले आहेत.

मर्म सापडतं ते जर्मन रणगाडा दलाचा सेनानी जनरल गुडेरियन याच्या आवडत्या बोलात: 'क्लोट्सेन, निष्ट क्लेकर्न'. क्लोट्स म्हणजे ओंडका आणि क्लेकर्न म्हणजे थेंब थेंब सांडणं. शिंतोडे उडवू नका, ओंडका घाला! मे १९४० मध्ये जर्मनी फ्रान्सवर चालून गेला, तेव्हा फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते आणि त्यातल्या काहींचं चिलखत जर्मनांपेक्षा जाड होतं. पण बरेचसे पायदळाच्या दिमतीला आघाडीभर विखुरलेले होते. गुडेरियनने तीन रणगाडा डिव्हिजन्स फ्रान्समधल्या सेदां गावाजवळ म्यूझ नदीच्या एका छोट्या टप्प्यावर आणल्या.

विमानांचं महत्त्व इथेच कळतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या सोम नदीच्या लढाईआधी ब्रिटिश तोफा आठवडाभर धडधडत होत्या. त्यातून शत्रूला हल्ल्याची आगाऊ वर्दी मिळाली आणि जमीनही उखणून निघाली. सेदांला १३ मे १९४० रोजी जर्मनांच्या बऱ्याचशा तोफा आर्देनच्या जंगलातल्या अरुंद रस्त्यांवर मागे अडकल्या होत्या. तोफांचं काम विमानांनी केलं. सकाळपासून दुपारपर्यंत स्टुका आणि इतर बॉम्बफेकी विमानं लाटांसारखी येत राहिली. बॉम्बनी फोडलेले बंकर थोडेच होते, पण फ्रेंच तोफचींनी डोकी खाली घातली आणि टेलिफोनच्या तारा तुटल्या.

आणि नदी आधी कोणी ओलांडली? रणगाड्यांनी नव्हे. चारच्या सुमारास पायदळ आणि अभियंते रबरी होड्यांतून पलीकडे गेले. रणगाडे रात्री पूल बांधून झाल्यावर आले. त्याच संध्याकाळी ब्युल्सों गावाजवळ 'जर्मन रणगाडे आले' अशी आवई उठली आणि फ्रेंच सैनिक तोफा टाकून पळाले. तोवर एकही जर्मन रणगाडा नदीपार झालेला नव्हता. फ्रेंचांचा प्रतिहल्ला रात्रीच व्हायला हवा होता. तो चौदाच्या सकाळी निघाला, तेव्हा समोर पूल ओलांडून आलेले रणगाडे उभे होते. गुडेरियन स्वतः पुढच्या फळीत होता आणि रेडिओवरून हुकूम देत होता, तर फ्रेंच हुकूम अजून स्वारांच्या हातून आणि टेलिफोनवरून फिरत होते. वीस तारखेला जर्मन रणगाडे अबव्हिल गावामार्गे समुद्राला जाऊन भिडले.

त्यांच्यामागे बहुतेक जर्मन पायदळ चालतच येत होतं आणि तोफा घोडे ओढत होते. पुढचे रणगाडे आणि मागचं पायदळ यांच्यात पडणारी फट ही या तंत्राची खरी दुखरी नस. रशियाच्या अफाट मैदानांत ती फारच रुंदावली.