बेरीज जुळते, तरी उत्तर चूक

“माझी मुलगी सातवीत आहे. गुणोत्तराची आणि अपूर्णांकाची वर्कशीट सोडवताना ती दरवेळी ताळा करते, सगळ्या वाट्यांची बेरीज एकूण रकमेइतकी येते, तरी बाई निम्म्या उत्तरांवर फुली मारतात. आता ती म्हणते, ताळा करून उपयोगच काय? तिचं गणित कच्चं आहे का?”

ताई, तुमचं पत्र वाचून गेल्या वर्षी माझ्याकडे आलेली एक मुलगी आठवली. तीही सातवीतली. आई खुर्चीत बसायच्या आतच म्हणाली, “हिचं लक्ष नसतं.” मी वर्कशीट मागून घेतली आणि मुलीला म्हटलं, “ही कशी केलीस ते मला बोलून दाखव. बरोबर की चूक, ते नंतर बघू.”

पहिलं गणित होतं ६० पेरू दोघींत २ : ३ या गुणोत्तरात वाटण्याचं. तिनं ६० चे दोन तृतीयांश काढले, ४० आले. मग ६० मधून ४० वजा केले, २० आले. खाली ताळा लिहिला होता, ४० + २० = ६०, आणि पुढे बरोबरची खूण. “बेरीज तर येते ना मॅडम?” तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. पण दुसरा वाटा वजाबाकीनं काढला की ही बेरीज जुळणारच. पहिल्या वाट्याच्या जागी तिनं १७ लिहिले असते, तरी ४३ मिळून ६० झालेच असते. असा ताळा फक्त वजाबाकी बरोबर झाल्याचं सांगतो, वाटणी बरोबर झाली का, हे सांगत नाही.

माझ्या कपाटात चिंचोक्यांची बरणी असते. ६० चिंचोके मोजून टेबलावर ओतले आणि तिला वाटायला सांगितलं: दोन तुझे, तीन माझे, परत दोन तुझे, तीन माझे. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच ती थांबली. “म्हणजे एका फेरीत पाच जातात!” साठात पाच-पाचच्या बारा फेऱ्या. तिला २४, मला ३६. मग मी तिचं जुनं उत्तर समोर ठेवलं. ४० चिंचोके दोन-दोननं घेतले तर वीस फेऱ्या होतात. २० चिंचोके तीन-तीननं घेतले तर सहा फेऱ्या होऊन दोन उरतात. दोघींच्या फेऱ्या सारख्या यायला हव्यात, आणि इथे त्या जवळपासही नव्हत्या.

एक गोष्ट मात्र मी तिला मुद्दाम दाखवली, कारण दोन तृतीयांश तिनं हवेतून आणले नव्हते. २४ हे ३६ चे दोन तृतीयांशच आहेत. तिचा वाटा माझ्या वाट्याच्या दोन तृतीयांश आहे, पण सगळ्या पेरूंच्या दोन पंचमांश. अपूर्णांक खरा होता, तो कशाचा घ्यायचा तिथे गफलत झाली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि २ : ३ हे २/३ सारखं दिसतं म्हणून ती होते.

पुढचं गणित तिघांच्या भागीदारीचं होतं. आकाशकंदिलांच्या विक्रीत ४५०० रुपये नफा, वाटणी २ : ३ : ५. तिची उत्तरं होती २२५०, १५०० आणि ७५०. बेरीज बरोबर ४५००. पण ७५० च्या खाली खोडरबरानं कागद विरला होता. मी तिथे बोट ठेवलं तशी ती आईकडे बघू लागली. आधी तिथे ९०० होते. तिनं ४५०० ला क्रमानं २, ३ आणि ५ नं भागलं होतं, बेरीज ४६५० झाली, मग जास्तीचे १५० शेवटच्या वाट्यातून काढून टाकले.

“का खोडलंस?” विचारल्यावर म्हणाली, “बाबा बेरीज बघतात. जुळली की खेळायला सोडतात.”

हा सगळा उलगडा त्या एका वाक्यात होता. ताळ्यानं चूक पकडली होती, त्याचं काम चोख झालं होतं. पण घरात फक्त बेरीज तपासली जात होती, म्हणून मुलगी बेरीज जुळवायला शिकली. मी तिला रागावले नाही, आईलाही रागावू दिलं नाही. इतकंच विचारलं, “पाच भागवाल्याला सगळ्यात कमी पैसे आणि दोन भागवाल्याला सगळ्यात जास्त, चालेल का?” ती स्वतःच हसली. दहा भाग, एक भाग ४५० चा. ९००, १३५० आणि २२५०. तिन्ही वाटे वेगवेगळे काढले, एकही वजाबाकीनं नाही. आता बेरीज ४५०० आली तर तिला अर्थ आहे. आणि ९०० ला २ नं, १३५० ला ३ नं, २२५० ला ५ नं भागलं की तिन्ही वेळा ४५० च येतात.

अपूर्णांकाच्या गणितांत मात्र वजाबाकी टाळता येत नाही. ३६०० रुपयांपैकी एक तृतीयांश एकाला, एकूण रकमेचा एक चतुर्थांश दुसऱ्याला, बाकीचे तिसऱ्याला. तिनं १२०० बरोबर काढले, पण चतुर्थांश उरलेल्या २४०० चा घेतला. म्हणून १२००, ६००, १८००, आणि बेरीज पुन्हा ३६००! इथे मी तिला बाकीचा अपूर्णांक आधी काढायला सांगितला. १/३ आणि १/४ मिळून ७/१२, म्हणजे उरले ५/१२. सगळे बाराव्यात लिहिले की वाटे होतात ४ : ३ : ५ आणि एक भाग ३०० चा. १२००, ९००, १५००. शेवटचा १५०० वजाबाकीनंही येतो आणि ५/१२ नंही. दोन वाटांनी तोच आकडा आला, तरच ताळा झाला. प्रश्नात ‘उरलेल्या रकमेचा’ असं असतं, तर तिचंच उत्तर बरोबर ठरलं असतं. म्हणून ‘कशाचा?’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढायची सवय मी लावते.

तेव्हा ताई, तुमच्या मुलीच्या वर्कशीटवर आधी एवढंच बघा: शेवटचा वाटा तिनं कसा काढलाय? वजाबाकीनं काढला असेल, तर बेरीज विचारू नका, “एक भाग कितीचा?” असं विचारा आणि तो प्रत्येक वाट्यातून निघतो का, ते तिला करू द्या. कुठे खोडलेलं दिसलं तर खालचा आकडा वाचायचा प्रयत्न करा, बहुतेक वेळा खरी चूक तिथेच सापडते. यावरून गणित कच्चं आहे असं मी म्हणणार नाही. साठात पाचचे गट किती, हेच चिंचोके हातात घेऊनही मोजता येत नसेल, तर मात्र प्रश्न गुणोत्तराचा नाही. मग तिला प्रत्यक्ष घेऊन या, वेगळी तपासणी करू.

ती मुलगी महिनाभरानं आली, तेव्हा वहीत १०० रुपये तिघांत सारखे वाटण्याचं गणित होतं. ३३.३३ तीनदा लिहून बेरीज ९९.९९ आली होती. या वेळी तिनं काही खोडलं नव्हतं. शेजारी लिहिलं होतं, “एक पैसा उरतो, तो तिघांत वाटता येत नाही.”