तास वाढवलेस, पद्धत तीच राहिली

प्रिय दोस्ता,

'माझा ग्रोथ माइंडसेट आहे, रोज तासभर जास्त बसतो, तरी संभाव्यतेत मार्क हलत नाहीत,' असं तू लिहिलंयस. ग्रोथ माइंडसेट म्हणजे क्षमता शिकून वाढवता येते हा विश्वास. जास्त वेळ बसण्यालाच ग्रोथ माइंडसेट समजण्याची चूक इतकी सर्रास होते की तुला एकट्याला दोष देता येणार नाही.

ही चूक कुठून आली ते सांगतो. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्युलर यांचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांना आधी बेताची कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'खूप मेहनत घेतली असशील'. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना तोंडघशी पाडलं. शेवटी पुन्हा बेताची कोडी आली, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली. लोकांनी यातून एवढंच उचललं की मेहनतीची पाठ थोपटत राहायची. पुढे २०१५ मध्ये खुद्द ड्वेकनाच लिहावं लागलं की ज्या प्रयत्नातून शिकणं होत नाही, त्याचं नुसतं कौतुक काही कामाचं नाही. अडल्यावर रीत बदलायला हवी, मदत मागायला हवी.

आता तू पाठवलेली वही. पेटीत ५ लाल, ३ निळे चेंडू. परत न ठेवता दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? तू ५/८ × ५/८ केलंस. पहिला लाल चेंडू बाहेर गेल्यावर पेटीत सातच उरतात, त्यांतले चार लाल. म्हणून ५/८ × ४/७, म्हणजे ५/१४. पुढची पानं चाळली तर पत्ते असोत की बल्ब, चूक हीच. तू गणितं वाढवलीस आणि तीच चूक हाताला पक्की बसवलीस. आता प्रत्येक गणितात दुसऱ्या पायरीआधी 'आत्ता पेटीत काय उरलंय?' हे शब्दांत लिही. दहा गणितांनंतरही छेद तोच राहत असेल तर ही युक्तीही सोड आणि कुणाला तरी शेजारी बसवून मोठ्याने सोडव.

आणि ग्रोथ माइंडसेट 'आहे की नाही' हा हिशेबच सोड. एकच माणूस भाषेत बिनधास्त चुकतो आणि गणितात पहिल्याच फुलीला गळपटतो.

अपेक्षाही बेताची ठेव. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये आला. ग्रोथ माइंडसेट शिकवणाऱ्या, तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने अभ्यासात मागे असलेल्यांची सरासरी श्रेणी चारपैकी जेमतेम ०.१ ने वाढली. एवढ्याशा वेळासाठी हे वाईट नाही, पण छेदातला आठ काही तेवढ्याने सात होत नाही.

नवी दहा गणितं सोडवलीस की चुकलेली तेवढी पाठव. बरोबर आलेली मला नकोत.

तुझा,
सर