‘पहा’ की ‘पाहा’, आणि त्याआधी ‘पुढील भाग’

प्रश्न: ‘भिंडांचं आगळ वर्षभर टिकेल असं कसं काढायचं’ असा माझा यूट्यूबवर व्हिडिओ आहे. शेवटच्या पडद्यावर, जिथे पुढच्या व्हिडिओचा चौकोन येतो तिथे, मी ‘व्हिडिओ आवडल्यास पुढील भाग अवश्य पहा’ असं लिहिलं. टिकवायचं कसं ते पुढच्या भागात आहे. मैत्रीण म्हणते ‘पहा’ चूक, ‘पाहा’ हवं. एवढं लिहूनही त्या चौकोनावर कोणी बोट लावत नाही. बरोबर शब्द कोणता? (डिचोलीहून)

ताई, मैत्रिणीचं आधी मिटवू. ‘पाहणे’ हे क्रियापद तसंच लिहावं, ‘पहाणे’ लिहू नये, असा साहित्य महामंडळाचा नियम आहे. पण त्याच नियमात आज्ञार्थाला सूट आहे. ‘राहा, पाहा, वाहा’ बरोबर, आणि ‘रहा, पहा, वहा’ लिहायलाही हरकत नाही. तेव्हा तुम्ही दोघी जिंकलात. मी स्वतः दोन्ही सोडून ‘बघा’ लिहीन, कारण तुमच्या स्वयंपाकघरात कोणी कोणाला ‘पाहा’ म्हणत नसणार.

बोट न लागण्याचं कारण मात्र या कान्यात नाही. ते ‘पुढील भाग’ या दोन शब्दांत आहे.

तुमचं शीर्षक पुन्हा वाचा. ‘कसं काढायचं’ या रूपात एक वचन आहे: शेवटपर्यंत बसलात तर हे तुम्हाला येईल. आणि ‘वर्षभर टिकेल असं’ हे दुसरं वचन, तेही त्याच वाक्यात. माणूस भिंडां फोडण्यापासून रस गाळण्यापर्यंत सगळं बघतो, आणि शेवटी त्याला कळतं की टिकवायचं पुढच्या भागात. ‘भाग’ म्हटलं की हा अर्धाच होता असा अर्थ होतो. शीर्षकात ‘भाग १’ लिहिलं असतं तर कोणाची हरकत नव्हती. लिहिलं नाही, म्हणून शेवटचा पडदा शीर्षकाला खोटं पाडतो. मग तिथे ‘पहा’ लिहा, ‘पाहा’ लिहा किंवा कोंकणीत ‘पळयात’ लिहा, माणूस उठतोच.

मी काही वर्षं पणजीत एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. पहिल्या पानावरची बातमी आत न्यायची असली की खाली ‘पान ७ वर’ लिहायचो. एका रात्री शेवटच्या घाईत बातमी नवव्या पानावर गेली आणि ओळ सातच राहिली. दुसऱ्या दिवशीचे फोन मला अजून आठवतात. एकानेही बातमीबद्दल विचारलं नाही, सगळे सातव्या पानाबद्दलच बोलत होते. तुमचा शेवटचा पडदा म्हणजे ही ‘पान ७ वर’चीच ओळ.

उपाय दोन टप्प्यांत करा. शीर्षक छाटून ‘भिंडांचं आगळ कसं काढायचं’ एवढंच ठेवा. शीर्षक केव्हाही बदलता येतं, व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही. दुसऱ्या व्हिडिओचं नाव ‘भाग २’ असेल तर तेही काढून ‘आगळ वर्षभर कसं टिकवायचं’ करा. आणि शेवटच्या पडद्यावर लिहा:

आगळ निघालं. आता वर्षभर टिकवायचं.

यातलं व्याकरण बघा. शीर्षकात ‘काढायचं’ होतं, म्हणजे काम व्हायचं होतं. पडद्यावर ‘निघालं’ आलं, म्हणजे काम झालं. वचन पाळल्याची ही पावती आहे, आणि ती त्याच क्रियेच्या भूतकाळातच द्यावी लागते. मग ‘आता’ येतं आणि नवं ‘-आयचं’ उघडतं. ते नवं ‘-आयचं’ पुढच्या व्हिडिओच्या शीर्षकात जसंच्या तसं आहे. हे महत्त्वाचं, कारण शेवटच्या पडद्यावरच्या व्हिडिओच्या चौकोनावर तुम्हाला स्वतःचं काही लिहिता येत नाही. तिथे त्या व्हिडिओचं चित्र आणि शीर्षकच दिसतं. तुमची ओळ व्हिडिओच्या चित्रातच कोरलेली असते आणि तिच्या शेजारी यूट्यूब ते शीर्षक आणून ठेवतं. दोन्हींत ‘टिकवायचं’ असेल तर डोळा एका उडीत जातो. तुमच्या ओळीत ‘साठवण’ आणि शीर्षकात ‘प्रिझर्व्ह’ असेल तर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

नामाचंही तेच. आपण भिंडां आणि सोलां म्हणतो, सिंधुदुर्गात कोकम, घाटावर आमसूल. तुमचे बघणारे कुठले आहेत त्यावरून एक शब्द धरा. पण शीर्षकात ‘आगळ’ आणि पडद्यावर ‘कोकम सिरप’ असं करू नका. सिरपात साखर असते, आगळात मीठ. सासूबाईंना विचारा, त्या हे दोन शब्द एका ओळीत चालवून घेणार नाहीत.

‘आवडल्यास’ आणि ‘अवश्य’ हे दोन्ही शब्द काढा. ‘-ल्यास’ हे पाटीवरचं रूप आहे: ‘कचरा टाकल्यास दंड’. ‘अवश्य’ लग्नपत्रिकेत शोभतं. शीर्षकात बोलकं ‘कसं काढायचं’ आणि शेवटी ‘अवश्य पहा’ म्हणजे व्हिडिओभर तुम्ही बोललात आणि निरोप द्यायला पंचायतीचा कारकून आला असं होतं.

निरोपावरून आठवलं. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. व्हिडिओत मात्र सगळे आधी ‘तर मित्रांनो, आजच्या व्हिडिओत एवढंच, धन्यवाद, देव बरें करूं’ म्हणून टाकतात आणि मग चौकोन दाखवतात. ‘एवढंच’ ऐकलं की माणूस निघाला. शेवटचा पडदा व्हिडिओच्या अखेरच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येतो, आणि व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो. ते सेकंद आभारांत घालवले तर तो पडदा रिकाम्या खुर्च्यांसमोर उघडतो. गाळलेलं आगळ बाटलीत ओतताना हात दिसतोय, त्याच वेळी म्हणा: ‘आगळ निघालं. पण महिन्याभरात यावर बुरशी धरली तर? ते इथे बघा.’ ‘इथे’ म्हणताना चौकोन आलेला हवा. आभार त्यानंतर, हळू आवाजात. ‘खाली दिलेल्या’ असं म्हणू नका, चौकोन तुम्ही उजवीकडे ठेवला असेल तर खाली काहीच नसतं. ‘इथे’ कुठेही चालतं.

चौकोन लावताना यूट्यूब विचारतं की कोणता व्हिडिओ दाखवू: Most recent upload, Best for viewer, की Choose specific video. तुमची ओळ ‘आता वर्षभर टिकवायचं’ असेल तर तिसराच पर्याय घ्या. Best for viewer दिलात तर यूट्यूब प्रत्येकाला वेगळं काही दाखवेल, आणि कोणाला तुमच्या ओळीखाली शिगमोचा व्हिडिओ दिसेल. ओळ मोघम असेल तरच तो पर्याय ठीक. एकूण चार चौकोन लावता येतात, पण मी एक व्हिडिओ आणि एक सबस्क्राइबचं वर्तुळ यापलीकडे जाणार नाही. ‘आता’ एकाच दिशेला बोट दाखवतं.

आता कार्ड. व्हिडिओ चालू असताना वर उजव्या कोपऱ्यात जी पट्टी क्षणभर दिसते ती. सोलकढीचा व्हिडिओ तुमच्याकडे असेल तर तो कार्डातच जावा, शेवटच्या पडद्यावर टिकवणीशी भांडायला नको. एका व्हिडिओत पाच कार्डं लावता येतात, पण तुम्हाला एक पुरे. आणि ते भिंडां फोडताना नको. तेव्हा लावलंत तर शीर्षकाचं वचन पुरं व्हायच्या आधीच तुम्ही माणसाला बाहेर पाठवता. आगळ चमच्याने चाखून बघता ना, तिथे लावा. बघणाऱ्याच्या तोंडात कढी तेव्हाच येते.

कार्डाच्या पट्टीवर लिहायला ३० वर्णांचीच जागा आहे, आणि इथे मराठीला फटका बसतो. आपण अक्षरं मोजतो, यंत्र काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तसुद्धा वेगवेगळे मोजतं. ‘सोलकढी फाटू नये म्हणून काय करावं’ हे आपल्या मोजणीने सोळा अक्षरं आणि पाच रिकाम्या जागा, म्हणजे एकवीस. यंत्राच्या मोजणीने बत्तीस. एकट्या ‘म्हणून’चे सहा होतात. म्हणून ‘म्हणून’ टाळा. ‘सोलकढी का फाटते?’ सोळा वर्णांत बसतं, आणि प्रश्न असल्यामुळे ओढही जास्त. मात्र त्या व्हिडिओत फाटण्याचं कारण, म्हणजे नारळाचं दूध घातल्यावर कढी तापवणं, पहिल्या मिनिटात सांगितलेलं हवं. नाहीतर ‘पान ७ वर’ पुन्हा झालं.

शब्द बदलल्यावर फरक पडला का, ते यूट्यूब स्टुडिओच्या आकड्यांत दिसेल, पण आकडा एकटा वाचू नका. आधी प्रेक्षक टिकल्याची रेषा बघा. ती ‘धन्यवाद’पाशी धप्पकन पडत असेल तर दोष निरोपाचा आहे, पडद्यावरचा मजकूर कोणी वाचलेलाच नाही. रेषा शेवटपर्यंत बरी आहे पण चौकोनावर बोटं कमी, तर ओळ किंवा निवडलेला व्हिडिओ चुकला. आणि बोटं भरपूर लागतात पण दुसऱ्या व्हिडिओतून लोक पहिल्या अर्ध्या मिनिटातच उठतात, तर तुमच्या ओळीने त्या व्हिडिओत नसलेलं काहीतरी कबूल केलं आहे. ही तिसरी खूण नवे लोक यश समजतात.

एक अडचण उरते. जुन्या व्हिडिओत ‘पुढील भाग अवश्य पहा’ ही ओळ चित्रात कोरलेली आहे, ती खोडता येत नाही. शेपटीचे तेवढे सेकंद स्टुडिओतल्याच संपादकात कापता येतात, आणि मग चौकोन बाटलीत आगळ ओतण्याच्या दृश्यावर येतील. तिथे ओळ नसेल, पण तुमचा आवाज असेल, आणि शेजारी ‘आगळ वर्षभर कसं टिकवायचं’ हे शीर्षक. कोरलेली चुकीची ओळ असण्यापेक्षा ओळच नसलेली बरी. यंदाची भिंडां पावसाआधी संपतील, तेव्हा नवा व्हिडिओ करणार असाल तर मे महिन्यातच करा, आणि शेवटची ओळ भिंडां फोडायच्या आधी कागदावर लिहून ठेवा.